बॅचमेट साहेब झाला, अर्ज माझाही होता: एका अभिनंदनाचं प्रकरण

एप्रिल महिना, शुक्रवार, दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी जिंतूरच्या मोंढ्यात एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बसलेलो, मागच्या हंगामाच्या उधारीचा चेक घ्यायला, आणि दुकानदार चेकबुक हुडकता हुडकता सहज म्हणला, "हिंगोलीवाले साहेब एरिया मॅनेजर झाले म्हणं, बरं झालं, तुमचेच दोस्त आहेत ना?" मला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. बियाण्याच्या धंद्यात हे असंच असतं, कंपनीची मेल यायच्या आधी मोंढ्याला कळलेलं असतं. मेल आली ४ वाजून १० मिनिटांनी.

त्या जागेसाठी अर्ज माझाही होता. म्हणजे दुकानदाराला ते माहीत नव्हतं (का माहीत होतं अन् तो माझं तोंड बघत होता, देव जाणे), पण मी "हो ना, लई चांगलं झालं" म्हणलो, चेक घेतला, तारीख तपासली, पावती फाडली आणि बाहेर येऊन गाडी लिंबाच्या सावलीला लावून बसलो. ४१-४२ डिग्रीचं ऊन होतं, एसी चालू होता, तरी कानशिलं गरम.

हे प्रकरण इथं लिहितोय कारण नंतर दोन-तीन जणांनी मला विचारलं की तू त्याला नेमकं काय बोललास, आणि सांगायला लागलो तेव्हा लक्षात आलं की खरी मेहनत एका दोन ओळीच्या मेसेजवर झाली होती. नावं लिहीत नाही, कंपनीचं पण नाही, त्याला हिंगोलीवालाच म्हणतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आम्ही दोघं परभणीच्या कृषी विद्यापीठातले, एकाच बॅचचे, हॉस्टेलची खोली शेजारी शेजारी. एकाच बियाणे कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागलो, दोघंही टेरिटरी मॅनेजर झालो, मला परभणी आणि त्याला हिंगोली. फेब्रुवारीत एरिया मॅनेजरची जागा अंतर्गत भरायची म्हणून मेल आली, चौघांनी अर्ज केला, मार्चमध्ये जालन्याला इंटरव्ह्यू झाले. इंटरव्ह्यूला आम्ही दोघं एकाच गाडीत गेलो होतो, जाताना सेलूच्या पुढं चहाला थांबलो आणि कोण काय प्रेझेंटेशन करणार हे एकमेकाला सांगितलं पण. म्हणजे मला ती जागा हवी होती हे त्याला पक्कं माहीत होतं. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे. अन् दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की ही जागा त्याला मिळाली म्हणजे तो माझा साहेब झाला, दुसऱ्या खात्यात नाही गेला. सोमवारपासून माझे टूर प्रोग्राम, टीए-डीए, रजा, सगळं त्याच्या मंजुरीनं.

आता गाडीतला अर्धा तास. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर फुलांचे गुच्छ पडायला लागले होते, "हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा" हे एकच वाक्य जो तो चिकटवायला लागला. हे वाक्य आपल्याकडं बारशापासून सरपंच होण्यापर्यंत सगळ्याला चालतं म्हणूनच त्याला वजन राहिलेलं नाही. इतरांनी ते टाकलं तर कोणी काही म्हणत नाही. पण जो माणूस शर्यतीत होता त्यानं तेच चिकटवलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, ह्यानं दात-ओठ खाऊन टाकलंय.

म्हणून मी वेगळं लिहायला घेतलं. पहिला मेसेज असा टाइप केला होता: "अभिनंदन भावा, शेवटी झालाच साहेब! आता आमच्याकडं पण लक्ष असू द्या." आणि पुढं हसण्याचे दोन इमोजी. पाठवायच्या आधी परत वाचला आणि जीभ चावली. बघा त्यात काय काय भरलेलं होतं. "शेवटी" म्हणलं की लई दिवस तू ह्याच्या मागं लागला होतास असं निघतं. "झालाच" मधला तो "च", त्यात "आम्ही नको म्हणत होतो तरी" असा वास येतो. "आमच्याकडं पण लक्ष असू द्या" हे गमतीत असलं तरी पहिल्याच मिनिटाला मागणी झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "द्या". पंधरा वर्षं ज्याला "तू" आणि "लेका" म्हणलो त्याला आज एकदम "द्या" म्हणलं तर तो मान होत नाही, टोमणा होतो. आपल्या भाषेत राग मोठ्या शब्दांत दिसत नाही राव, तो ह्या "च", "पण", "तरी", "एकदाचं" असल्या बारक्या शब्दांत लपून बसतो आणि ज्याला आपण कॉलेजपासून ओळखतो त्याला तो बरोबर दिसतो.

ते खोडलं. दुसरा मसुदा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. "तुझ्याइतका लायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात नव्हता, ही जागा तुझीच होती, मला तर इंटरव्ह्यूच्या दिवशीच माहीत होतं." हे तर सरळ खोटं होतं. माहीत असतं तर मी रात्र रात्र जागून प्रेझेंटेशन कशाला केलं असतं, आणि तो त्या तयारीचा साक्षीदार होता! जितकं जास्त गोड लिहावं तितका तो विचार करणार की ह्याला किती लागलंय. आणि इथं पण "तुझीच" आला. "तू योग्य होतास" आणि "तूच योग्य होतास" ह्यात फरक आहे, दुसऱ्यात बाकीचे तिघं अयोग्य ठरतात आणि त्यातला एक मी, म्हणजे मी स्वतःलाच खाली ढकलून त्याचं कौतुक करतोय, जे कोणी मागितलं नव्हतं.

तिसऱ्यात मी मोठेपणा दाखवायला गेलो: "मी पण अर्ज केला होता तरी मला मनापासून आनंद झाला." वाचायला बरं वाटतं. पण "तरी" नंतरचं सगळं माझ्याबद्दल आहे, माझं मन किती मोठं हे सांगायचंय. त्याच्या दिवशी माझाच सत्कार.

एक मानसशास्त्राची गोष्ट मला नंतर एका ट्रेनिंगमध्ये कळली ती इथं सांगतो कारण त्या अर्ध्या तासाचं कोडं तिनं सुटलं. अब्राहम टेसर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात हे मांडलेलं आहे, की दुसऱ्याचं यश आपल्याला कधी सुखावतं आणि कधी टोचतं हे दोन गोष्टींवर ठरतं, माणूस किती जवळचा आहे आणि ते काम आपल्या स्वतःच्या ओळखीशी किती जोडलेलं आहे. जवळचा मित्र गाण्यात पहिला आला तर आपण छाती फुगवून सांगतो, माझा दोस्त आहे म्हणून. तोच मित्र आपल्याच धंद्यात पुढं गेला की टोचतं, आणि अनोळखी माणसापेक्षा जास्त टोचतं. म्हणजे मला जे वाटायलं होतं त्यात मी काही नीच माणूस नव्हतो, जवळचाच होता अन् कामही तेच होतं म्हणून ते तसं होतं. पण ह्याच्यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते, की टोचणी असताना आनंद ओढून आणायचा नाही, तो दिसतोच खोटा. टोचणी असली तरी जे खरं वाटतं असं काहीतरी हुडकायचं.

मग मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. ह्या माणसाचं असं कोणतं काम आहे जे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय आणि आज राग असतानाही ते नाकारू शकत नाही?

उत्तर लगेच आलं. २०२० चा खरीप. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं, त्यामुळं पुढच्या वर्षीच्या बियाण्याची उगवण मार खाल्लेली, आणि जून २०२० मध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती तेव्हा. कंपन्यांची माणसं फोन बंद करून बसलेली. तालुका तक्रार निवारण समिती पंचनाम्याला यायची आणि शेतकरी संतापलेले, साहजिक आहे, पेरणीचा खर्च परत मिळत नसतो. सेनगाव तालुक्यात एका शिवारात हिंगोलीवाल्यानं मला मदतीला बोलावलं होतं. मी खरं सांगतो, गाडीतून उतरायला माझे पाय तयार नव्हते. हा माणूस उतरला, शेतकऱ्याबरोबर पेरणीच्या तासात बसला, हातानं माती उकरून दाणे काढले. एका शेतात दाणे चार-पाच सेंटिमीटरच्या खाली गेले होते आणि वरून जोराच्या पावसानं मातीची पपडी धरलेली, तिथं त्यानं पट्टी लावून दाखवलं की बियाणं जिवंत होतं, वर येता आलं नाही. शेजारच्याच शेतात खोली बरोबर होती, ओल बरोबर होती अन् दाणे सडलेले, तिथं तो सगळ्यांसमोर म्हणला, "काका, ही चूक बियाण्याची आहे, मी तसं लिहून देतो." आणि दिलं. त्याच्यावरून त्याला ऑफिसात ऐकून घ्यावं लागलं, पण त्या गावातले लोक आजही त्याच्याच शब्दावर माल घेतात.

हे मिळाल्यावर मेसेज लिहायला दोन मिनिटं पण नाही लागली:

"अभिनंदन रे. २०२० ला सेनगावच्या पंचनाम्यात तू कसा उभा राहिलास ते मी बघितलंय. असा माणूस एरिया सांभाळणार म्हणल्यावर डीलरला अन् शेतकऱ्याला बरंच वाटणार. रात्री फोन करतो."

एवढंच. ह्याच्यात माझा अर्ज नाही, तुलना नाही, "लायक" बियक काही नाही. "बघितलंय" हा शब्द सगळं काम करतो, कारण ती गोष्ट दुसरा कोणी लिहू शकत नाही, गुच्छाच्या गर्दीत ती चिकटवलेली वाटत नाही. "तू" तसाच ठेवला. आणि रात्री फोन करतो म्हणून स्वतःला बांधून घेतलं, नाहीतर मी दोन दिवस टाळलं असतं हे मला माहीत होतं. ग्रुपवर वेगळं टाकलं, नुसतं "अभिनंदन! सेनगावची टीम आठवली आज." त्याच्या आधी तेरा-चौदा जणांनी टाकलं होतं. पहिला नंबर लावला असता तर दिखावा वाटला असता, शनिवारपर्यंत थांबलो असतो तर लोकांनी मोजलंच असतं की ह्याचं अजून आलं नाही. हे हिशोब बारके वाटतात पण छोट्या टीममध्ये लोक बरोबर हेच बघत असतात.

रात्री सव्वाआठला फोन केला. मुद्दाम चार तासांनी, कारण आवाज लपत नाही, मेसेज लपतो. ज्याला अजून घशात आवंढा आहे त्यानं त्या दिवशी मेसेजवर थांबावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करावा असं माझं मत आहे. फोन उचलल्या उचलल्या तो थोडा अडखळतच होता, म्हणला, "अरे, तुझं पण होतं ना त्याच्यात... मला कसंतरीच वाटायलंय."

ही ह्या प्रकरणातली सगळ्यात अवघड जागा. इथं नव्वद टक्के लोक म्हणतात "छे छे, मला कुठं इंटरेस्ट होता, घरच्यांनी म्हणलं म्हणून भरला अर्ज." मी पण म्हणणार होतो. पण सेलूच्या चहाला तो समोर बसलेला होता! एवढ्या उघड खोट्यानंतर माझं सेनगावचं कौतुक पण खोटंच ठरलं असतं. मी म्हणलो, "हो, मला पाहिजे होतं, वाईट वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. ते माझं मी बघतो, तू आजच्या दिवसात ते घेऊ नको. बरं, घरी पहिल्यांदा कोणाला सांगितलंस?"

एकदाच, एका वाक्यात कबूल केलं आणि लगेच प्रश्न त्याच्याकडं. हा प्रश्न मला आपोआप सुचला, पण शेली गेबल नावाच्या संशोधिकेचं २००४ चं काम ह्याच्यावरच आहे असं त्याच ट्रेनिंगमध्ये कळलं. दुसऱ्याच्या चांगल्या बातमीला "अरे वा छान" म्हणून गप्प बसणं आणि त्या बातमीत रस घेऊन पुढं विचारणं ह्याच्यात नात्याच्या दृष्टीनं मोठा फरक पडतो. त्याला विचारल्यावर तो खुलला. आधी वडलांना सांगितलं म्हणला, तर वडील म्हणले, "मग आता कंपनी मोठी गाडी देणार का नाही?" आम्ही दोघंही हसलो. तिथून पुढं फोन सरळ झाला, सहा-सात मिनिटांत संपला. मी मुद्दाम लांबवला नाही.

मेलचं वेगळं. मेलवर आरएम साहेब, म्हणजे आमचे रीजनल मॅनेजर, सीसीत असतात, म्हणून तिथं "तू" नाही आणि सेनगावही नाही. मेल आमच्याकडं इंग्रजीत जातात, मतलब असा होता: निवडीबद्दल अभिनंदन, परभणी जिल्ह्याची डीलरवार थकबाकी आणि खरिपात कोणत्या डीलरकडं किती माल ठेवायचा त्याची शीट सोमवारी सकाळी पाठवतो, बसायला वेळ कळवा. आणि शीट सोमवारी नऊच्या आत पाठवली, त्यानं मागायच्या आधी. माझ्या मते प्रोफेशनल वाटणं म्हणतात ते शब्दांपेक्षा ह्या शीटमध्ये जास्त होतं. नवीन साहेबाला पहिल्या आठवड्यात एकच धाकधूक असते, जुने बरोबरीचे लोक माहिती दाबून तर ठेवणार नाहीत ना.

आता माझी चूक. सगळं एवढं छान चाललं असतं तर हे लिहिण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी माझा एक सेल्स ऑफिसर गाडीत बरोबर होता, मानवतकडं चाललेलो. तो म्हणला, "साहेब, खरं तर तुमचंच व्हायला पाहिजे होतं, तिकडं ओळखी चालल्या असतील." मी काही बोललो नाही. फक्त हसलो आणि म्हणलो, "हं, असतंय राव तसं." बास. एवढ्या पाच-सहा सेकंदात शुक्रवारची सगळी मेहनत मातीत. कारण सेल्स ऑफिसर संध्याकाळी दुसऱ्या सेल्स ऑफिसरला सांगणार, "आमचे साहेब पण म्हणायलेत ओळखी चालल्या", आणि ते हिंगोलीला पोचायला फार तर दोन दिवस. अभिनंदन खोटं ठरतं ते मेसेजनं नाही, असल्या "हं" नं ठरतं. आणि गंमत म्हणजे मला ते खरंही वाटत नव्हतं, पण कोणीतरी आपल्या बाजूनं बोललं की ते गोड लागतं, नको म्हणवत नाही.

रात्री झोप आली नाही म्हणून बुधवारी सकाळी दोन फोन केले. आधी सेल्स ऑफिसरला. "काल मी हसलो ते चुकलं. निवड आरएम साहेबांनी केलीय, अन् सेनगावचं काम मी स्वतः बघितलंय. तुला माझी बाजू घ्यायची असली तर सेलूची वसुली आण." तो गप्प. मग हिंगोलीवाल्याला. "काल गाडीत एकजण ओळखीचं बोलला आणि मी हं म्हणून गेलो. तुझ्या कानावर दुसरीकडून यायच्या आधी मीच सांगतोय. मला तसं वाटत नाही." तिकडं दोन सेकंद शांतता, मग म्हणला, "मला रात्रीच कळलं होतं. बरं केलंस सांगितलंस." मी रात्रीच कळलं हे ऐकून थक्क झालो, दोन दिवस धरले होते मी!

त्याच्यानंतर डीलरकडं गेलो की "तुमचं कसं काय राहिलं?" हा प्रश्न यायचाच, मोंढ्यात लोक आडपडदा ठेवत नाहीत. त्याला मी एक उत्तर ठरवून ठेवलं: "चौघांत एक जागा होती, त्यांची झाली, माणूस कामाचा आहे. बोला, कापसाची पाकिटं किती धरायची?" शेवटचा प्रश्न धंद्याचा असला की डीलर लगेच तिकडं वळतो.

पुढच्या आठवड्यात परभणीच्या ऑफिसात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार, पेढे, जे असतं ते. आणि कोणीतरी पुढं होऊन म्हणलंच, "ह्यांनी दोन शब्द बोलावं." अशा वेळी एक हुकमी विनोद तोंडावर येतो, "आम्ही काय, राहिलो मागं, साहेबांचे दिवस आलेत", सगळे खळखळून हसतात आणि ज्याचा सत्कार त्याला नारळ घेऊन कुठं बघावं कळत नाही. स्वतःच्या हारण्यावर विनोद करू नये, निदान त्या दिवशी तरी नाही. मी सेनगावची गोष्टच सांगितली, पट्टी लावून खोली मोजली ती, आणि "मी गाडीतून उतरायला घाबरलो होतो" हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. चार-पाच वाक्यं झाली, बसलो.

सत्कार झाल्यावर तो जिन्यात म्हणला, "तू मला सर बिर म्हणू नको हां." मी म्हणलो, "डीलरसमोर अन् मीटिंगमध्ये म्हणणार, तिथं मी तू म्हणलो तर तुझी अन् माझी दोघांची अडचण. फोनवर तू." ह्याच्यावर आमचं जमलं. एक मात्र सांगतो, एकांतात उगं "साहेब साहेब" करणं हा आपल्याकडचा सगळ्यात धारदार टोमणा आहे. साहेब तर आपण गॅसवाल्याला पण म्हणतो, त्यामुळं शब्दात काही नाही, पण मित्राला एकांतात साहेब म्हणलं की त्याचा अर्थ एकच होतो.

राहिलं माझं स्वतःचं. माझं का नाही झालं हे मला विचारायचं होतंच, पण ते अभिनंदनाच्या आठवड्यात आणि त्याच्याकडं नाही. बारा-तेरा दिवसांनी आरएम साहेबांकडून वेळ घेतली. "माझ्यात काय कमी होतं" असं विचारलं असतं तर त्यांनी "तसं काही नाही हो, तुम्ही पण चांगलेच" म्हणून चहा पाजून पाठवलं असतं, म्हणून असं विचारलं की पुढच्या वेळी अर्ज केला तर तोपर्यंत कोणत्या दोन गोष्टी माझ्याकडं असायला पाहिजेत. त्यांनी सरळ सांगितलं. एक, माझ्या दोन डीलरची थकबाकी ९० दिवसांच्या वर गेलेली. दुसरी जास्त लागली, की हिंगोलीच्या हाताखाली तयार झालेले दोन पोरं आज स्वतः टेरिटरी बघतात, तुमच्याकडून एक पण पुढं गेला नाही. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हेच मी शुक्रवारी रागात हिंगोलीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं काय सांगावं होतं बिचाऱ्यानं?

ही पद्धत कुठं चालणार नाही तेही लिहितो, कारण मला मागं एका ओळखीच्या ताईंनी हेच विचारलं होतं. त्या एका शाळेत आहेत, तिथं सेवाज्येष्ठता डावलून जागा भरली गेली असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांच्याकडं कागद होते. तिथं सेनगाव हुडकत बसायची गरज नाही. "अभिनंदन, नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा" एवढं दोन ओळीत, सभ्यपणे, आणि तक्रार लेखी, जिथं द्यायची तिथं. दोन्ही एकात मिसळलं की अभिनंदन पण वाया आणि तक्रार पण वैयक्तिक ठरते, समोरचा म्हणतो ह्यांना जळफळाट झालाय. आणि समजा खरंच त्या माणसाचं एकही काम आपण बघितलेलं नाही, तर शोधून खोटं कौतुक करण्यापेक्षा तेवढ्याच दोन ओळी पुरे. कमी बोललेलं कोणाला खटकत नाही, जास्त बोललेलं खटकतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत जिंतूरला त्याच काउंटरवर बसलेलो. रात्री जिंतूरकडं बरा पाऊस झालेला आणि सकाळपासून लोक सोयाबीनच्या बॅगा उचलायला लागलेले. हिंगोलीवाल्याचा फोन आला, "तिकडं पेरायची घाई करायलेत का? ७५ ते १०० मिलिमीटर होऊ दे म्हणाव, अन् डीलरला सांग प्रत्येकाला गोणपाटात शंभर दाणे टाकून बघायला लावायचे, सत्तरच्या खाली उगवले तर बॅग परत घ्यायची."

"हो सर, सांगतो सर," मी म्हणलो.

तो हसला. "समोर कोण बसलंय?"

"जिंतूरवाले."

"बरं. दुकानातून निघाल्यावर फोन कर लेका."